अमेरिकेतील जर्मन भाषा युद्धाने संपली का? तीन पिढ्यांचा हिशेब (थ्रेड)

१/
पहिल्या महायुद्धातील जर्मनद्वेषाने अमेरिकेतील जर्मन भाषा संपवली, असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीला आधार आहे, पण तो अपुरा आहे. स्थलांतरितांची भाषा कुठे आणि कशी सुटते, हे पाहायचे असेल तर कायद्याच्या पुस्तकाइतकेच घराच्या ओसरीकडेही पाहावे लागते.

२/
आधी युद्धाची बाजू. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळा, रेल्वे, टेलिफोन, एवढेच काय, सार्वजनिक उपासनेतही इंग्रजीच वापरावी, असे फर्मान काढले. १९१९ मध्ये नेब्रास्काने आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकी भाषा शिकवण्यास बंदी केली. रॉबर्ट मायर या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचन शिकवले म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला.

३/
१९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. बंदी उठली, पण भाषा परतली नाही. १९१५ मध्ये माध्यमिक शाळांतील सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ मध्ये ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते. अडथळा केवळ कायद्याचा असता, तर निकालानंतर चित्र पालटायला हवे होते.

४/
त्याआधीचे एक उदाहरण पाहा. विस्कॉन्सिनमधील हस्टिसफोर्ड या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन कुटुंबे आली. १९१० च्या जनगणनेत तेथील जवळपास एक चतुर्थांश रहिवाशांना केवळ जर्मन येत होती, आणि त्यांतले कित्येक अमेरिकेतच जन्मलेले होते. म्हणजे तीन पिढ्यांत भाषा जाते, हा काही निसर्गनियम नव्हे.

५/
मग ती जाते कशी? पहिली पिढी घरभाषेतच जगते. दुसरी दोन्ही भाषा बोलते, पण थोरले भावंड शाळेतून इंग्रजी घरात आणते आणि भावंडे आपसांत तीच बोलू लागतात. आईवडील जर्मनमध्ये विचारतात, मुले इंग्रजीत उत्तरे देतात. निर्णायक क्षण येतो तो ही मुले स्वतः आईबाप होतात तेव्हा. भावंडांशी, मित्रांशी आणि बहुधा जोडीदाराशीही ती इंग्रजीच बोलत असतात. तान्ह्या बाळाशी अचानक वेगळी भाषा कुठून यावी? नातवंडांना आजीचे बोलणे जेमतेम कळते, बोलता येत नाही.

६/
हस्टिसफोर्डसारख्या गावांत हा क्षण लांबला, कारण चर्च, चर्चची शाळा, दुकान, वृत्तपत्र आणि लग्नाचे स्थळ, सारे जर्मनमध्येच मिळत होते. पुढे शाळांचा कारभार राज्याकडे गेला, बाजार दूरच्या शहरांशी जोडला गेला, मुले माध्यमिक शाळेसाठी गावाबाहेर जाऊ लागली, आणि घरभाषेची गरज एकेका दारातून निघून गेली. युद्धाने या ओघाला वेग दिला. ओघ मात्र आधीचाच होता.

७/
या मताची खरी कसोटी पेनसिल्वेनियात लागते. अठराव्या शतकात तेथे आलेल्या जर्मनांची ‘पेनसिल्वेनिया डच’ ही बोली एकच होती. बोलणाऱ्यांत लुथेरन आणि रिफॉर्म्ड पंथीय बहुसंख्य होते, तर आमिश आणि मेनोनाइट मूठभर. बहुसंख्य पंथीयांची मुले शाळा-कारखान्यांत मिसळली, पंथाबाहेर लग्ने झाली, आणि विसाव्या शतकात त्यांच्या घरांतून बोली ओसरली.

८/
आमिशांनाही युद्धाची झळ लागली होती. लढण्यास नकार देणाऱ्या त्यांच्या तरुणांचा सैन्यछावण्यांत छळ झाला. तरीही १९०० च्या सुमारास पाच-सहा हजार असलेला हा समाज आज साडेतीन लाखांहून मोठा आहे आणि घरात तीच बोली बोलतो. मूल सहसा शाळेत जाऊन इंग्रजी शिकते. बायबल उच्च जर्मनमध्ये असते. घर, शाळा आणि प्रार्थना यांची भाषा वेगळी, प्रत्येकीची जागा ठरलेली. लग्न पंथातच होते, त्यामुळे बाळाशी बोलताना भाषा निवडण्याचा प्रश्नच उभा राहत नाही.

९/
याचे मोलही मोठे आहे. औपचारिक शिक्षण बहुधा आठवीपर्यंतच. ही मुभा १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. पंथ सोडणाऱ्यांच्या घरी बोली सहसा पुढच्या पिढीपर्यंत टिकत नाही. म्हणजे टिकली ती भाषाभिमानाने नव्हे. ती एका विशिष्ट जीवनपद्धतीचा भाग म्हणून टिकली. प्रत्येक समाजाने ही वाट धरावी, असे म्हणता येणार नाही.

१०/
म्हणून जर्मनच्या ऱ्हासाचा सगळा दोष १९१८ च्या फर्मानांवर टाकणे सोयीचे असले, तरी इतिहासाला धरून नाही. फर्मानाने शाळेतली भाषा एका झटक्यात गेली. घरातली भाषा मात्र तेव्हा गेली, जेव्हा तिच्यावाचून कोणाचेच काही अडेनासे झाले. स्थलांतरितांच्या भाषेचे भवितव्य अजमावायचे असेल, तर आजी नातवाशी काय बोलते यापेक्षा दोन भावंडे आपसांत काय बोलतात, हे आधी ऐकावे.