वसतिगृह सुटल्यानंतर

अठराव्या वर्षी आमचा विद्यार्थी वसतिगृह सोडतो आणि पुढे कित्येक वर्षे कोल्हापुरातील अभ्यासिकेत जाहिरातीची वाट पाहतो. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांची वयोमर्यादा ४३ आहे. खोलीभाडे मात्र दरमहा द्यावे लागते. शेतीवाल्याचा मुलगा थांबू शकतो, मजुराचा नाही.

बाबासाहेबांनाही स्थिरावण्यास वेळ लागला. १९१७ साली बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. तरी त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली, बत्तिसाव्या वर्षी, ते बॅरिस्टर होऊन परतले. त्यांच्या थांबण्यातही कमाई होती.

म्हणून आम्ही म्हणतो, परीक्षेच्या तयारीबरोबर मुलाच्या हाती पहिल्याच वर्षापासून पोटापुरते एक काम असावे. शाळेने माजी विद्यार्थ्याची नोंद अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत ठेवावी.