टोटल जुळतंय ना, मग झालं तर!

ईआरपी बसवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. अख्ख्या कारखान्याला ओव्हरहेडचा एकच दर, म्हणजे ब्लँकेट रेट. का? तर सोपा पडतो, आणि महिनाअखेरीस बेरीज जुळते. अहो, बेरीज जुळणारच! तोच खर्च वाटायचाय. प्रश्न कोणाच्या ताटात किती वाढलं हा आहे.

सोयीचे आकडे घेऊन बघा. एका वर्कशॉपमध्ये दोन खाती. सीएनसीचा महिन्याचा ओव्हरहेड ६ लाख (घसारा, वीज, मेंटेनन्स), मशीन चालते २,००० तास. एक ऑपरेटर दोन मशीन बघतो, त्यामुळे तिथले कामगार-तास फक्त १,०००. दुसरं खातं फिटिंग, सगळं हाताचं काम. ओव्हरहेड दीड लाख, कामगार-तास ३,०००.

ब्लँकेट रेट: साडेसात लाख भागिले ४,००० कामगार-तास, म्हणजे तासाला १८७.५० रुपये. खातेनिहाय काढलं तर सीएनसीला मशीन-तासामागे ३०० आणि फिटिंगला कामगार-तासामागे ५०.

आता एक जॉब आला. मटेरियल आणि मजुरी मिळून ४,००० रुपये. सीएनसीवर १० मशीन-तास, म्हणजे ५ कामगार-तास, आणि फिटिंगचा १ तास. ब्लँकेटने ओव्हरहेड ६ × १८७.५०, म्हणजे १,१२५. एकूण खर्च ५,१२५. वर २० टक्के नफा धरून साहेब ६,१५० चं कोटेशन पाठवतात आणि ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटतात. खातेनिहाय ओव्हरहेड? ३,००० अधिक ५०. खर्च ७,०५०. प्रत्येक जॉबमागे ९०० रुपये कमी!

फिटिंगच्या जॉबचं बरोबर उलटं होतं. तिथे १८७.५० लावल्यामुळे आपला भाव चढा दिसतो आणि ऑर्डर शेजारचा घेऊन जातो. हीच ओळखायची खूण: मशीनची कामं धडाधड मिळतात, हाताची एकही मिळत नाही. मग कामगार-तास घटतात, ब्लँकेट रेट आणखी चढतो, उरलेली फिटिंगची कामंही जातात. आणि मालक सेल्सवाल्यांवर ओरडतो.

सगळ्या जॉबना दोन्ही खाती साधारण त्याच प्रमाणात लागत असतील तर ब्लँकेट रेट खुशाल वापरा, माझी हरकत नाही. पण जॉब-ऑर्डर वर्कशॉपमध्ये असं कुठे असतं?

खातेनिहाय दर म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही बरं का. कॅन्टीन, स्टोअर्सचा खर्च खात्यांवर वाटताना अंदाज लागतोच. शिवाय सीएनसी रिकामं उभं असेल तर ६,१५० ची ऑर्डर लगेच नाकारू नका. त्या ३०० रुपयांतला घसारा काम घेतलं काय, न घेतलं काय, पडणारच आहे. तिथे ४,००० च्या वर वीज आणि टूल्सचा वाढीव खर्च किती, एवढंच बघायचं.