सोने ठेवा, पण कोणते?

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. तिथल्या एका सोसायटीच्या चेअरमननी सभासदांना सल्ला दिला, म्हातारपणाच्या पुंजीतला दहावा हिस्सा सोन्यात ठेवा. आपण कापूस-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनीही हा हिशेब तपासावा.

हिस्सा योग्य आहे. पण दागिना म्हणजे बचत नव्हे. दागिन्यात 100 रुपयांचे सोने असेल, तर दहा टक्के घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी धरून 113 रुपये 30 पैसे मोजावे लागतात. मोडताना घडणावळ मिळत नाही, करही नाही. सराफ घट धरतो ती वेगळीच. म्हणजे भाव तेरा टक्के चढेपर्यंत तोटाच. त्यापेक्षा हॉलमार्कचे नाणे किंवा साधे वेढणे बरे, त्याला घडणावळ कमी. पावती मात्र जपून ठेवावी.

दहाव्या हिश्शाच्या वर का जाऊ नये? 2012 साली 10 ग्रॅमचा भाव 31 हजारांच्या आसपास होता, 2015 साली 26 हजारांच्या. 2014 आणि 2015 ही दोन्ही साले दुष्काळाची! नेमके तेव्हाच ज्याला मोडावे लागले, तो दोन्हीकडून बुडाला. शिवाय सोने दरमहा व्याज देत नाही. औषधपाण्याचा खर्च उरलेल्या नऊ हिश्शांच्या व्याजातूनच निघायचा. ते पोस्टात किंवा बँकेतच हवेत.