बाळाच्या पासपोर्टवर भावाचा चेहरा चालत नाही

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये एकाच्या फोटोवर दुसऱ्याचा चेहरा क्षणात बसतो. घरच्या गमतीत ठीक आहे, पण पासपोर्टच्या अर्जात तोच फोटो गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र आपण न्यायचा असतो, आणि आम्हाला काळजी याचीच वाटते. उमराहला निघायची घाई, बाळ डोळे उघडेना, मग मोठ्या भावाचा त्याच वयातला चेहरा बसवायचा! "भाऊच तर आहे" हे कायदा ऐकत नाही. अर्जावर सही आई-वडिलांची, म्हणून जाबही त्यांनाच.

पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ नुसार जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १० खाली पासपोर्ट रद्दही होऊ शकतो, मग तिकीट, व्हिसा सगळं वाया. फसवणुकीसाठी बनावट कागद केल्याचं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेची कलमं वेगळी.

बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवा, खिडकीच्या उजेडात वरून फोटो काढा. डोळे उघडेपर्यंत थांबावं लागेल, इतकंच.