एका वेळी एकच बदल: बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आणि हट्टी प्रॉम्प्ट

मार्च २०२५ मध्ये जिबली स्टाइलचे फोटो आले. सप्टेंबरमध्ये जेमिनीच्या नॅनो बनानाने थ्रीडी पुतळे आणि रेट्रो साड्या आणल्या. दोन्ही वेळा लोकांनी एकच केलं: कोणाचा तरी प्रॉम्प्ट कॉपी केला, आपला फोटो टाकला आणि जे आलं ते स्टेटसला लावलं. तिथे ते चालून जातं, कारण साडी लाल आली काय किंवा जांभळी आली काय, आपल्याला दोन्ही आवडते. चित्र नेमकं कसं हवं हे आधीच ठरलेलं असेल, तेव्हा मात्र कॉपी-पेस्ट कामाला येत नाही.

मला एका लेखासाठी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचं मूळ रूप दाखवायचं होतं. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात घरं एका सामाईक मोकळ्या जागेभोवती, आणि ती जागा साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. उतरती छपरं, बैठी किंवा एकमजली घरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे शेजाऱ्याची भिंत न हलवता घर वाढवता येतं. आज तिथली बरीच घरं वाढवलेली किंवा नव्याने बांधलेली आहेत, म्हणून नुसता फोटो काढून भागत नव्हतं.

म्हणजे माझ्याकडे तपासायला चार गोष्टी होत्या: मधे अंगण, भोवती उंच इमारती नाहीत, घरं सात, भिंती सुट्या. ही यादी प्रॉम्प्टच्या आधी लिहा. नाहीतर चित्र सुंदर आलं की ते बरोबरच वाटायला लागतं. ते चुकीचं आहे हे वाचणाऱ्यालाही कळत नाही, आणि बेलापूरची एक खोटी वसाहत फॉरवर्ड होत राहते.

पहिला प्रॉम्प्ट असा होता:

```
सीबीडी बेलापूरमधल्या आर्टिस्ट व्हिलेजचं चित्र.
मधे चौक, भोवती सात सुटी घरं, उतरती कौलारू छपरं,
पांढऱ्या भिंती. उंच इमारती नकोत.
```

हा मी काहीही न बदलता चार वेळा चालवला, दर वेळी नवीन चॅट उघडून. चित्र बनवणारं मॉडेल दर वेळी वेगळ्या यादृच्छिक सुरुवातीपासून निघतं, त्यामुळे तेच शब्द देऊनही चित्र वेगळं येतं. काही टूल्समध्ये ‘सीड’ नावाचा आकडा देऊन ती सुरुवात कायम ठेवता येते, पण फोनवरच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय दिसत नाही. शिवाय काही अ‍ॅप आपलं वाक्य पडद्यामागे स्वतःच वाढवून घेतात. म्हणून चित्र आपोआप किती हलतं हे आधी बघायचं. ते माहीत नसेल तर पुढचा फरक तुमच्या शब्दामुळे पडला की नशिबाने, हे कधीच कळणार नाही.

छपरं चारही चित्रांत बरोबर होती, म्हणजे त्या शब्दांना हात लावायचा नाही. पण चारही चित्रांत मधे रस्त्यांचा चौक होता, रिक्षांसकट. तीन चित्रांत मागे काचेचे टॉवर. घरं कधी नऊ, कधी बारा.

पहिली फेरी: फक्त ‘चौक’ काढून ‘दगडी फरशीचं सामाईक अंगण’ लिहिलं. मराठीत चौक वाड्याचाही असतो आणि सिग्नलचाही. मॉडेलने सिग्नलचा उचलला होता. चारही चित्रांतून रिक्षा गेल्या. टॉवर मात्र तसेच राहिले, आणि म्हणूनच निकाल स्वच्छ होता: हा शब्द अंगणाचा प्रश्न सोडवतो, टॉवरचा नाही.

दुसरी फेरी: ‘उंच इमारती नकोत’ काढून ‘घरांच्या मागे झाडी आणि टेकडी’ लिहिलं. पारसिकची टेकडी तिथे खरोखरच आहे. चित्र बनवणारी बरीच मॉडेल्स नकारात कच्ची असतात. ‘नकोत’ निसटतं आणि ‘उंच इमारती’ मनावर घेतलं जातं. त्या जागी काय हवं ते सांगितलेलं जास्त लागू पडतं. टॉवर तीनवरून एका चित्रावर आले.

तिसरी फेरी: उरलेल्या टॉवरसाठी माझा संशय ‘सीबीडी’वर होता. ही अक्षरंच मुळात शहरातल्या व्यापारी भागासाठी वापरतात. तेवढीच काढली आणि टॉवर शून्य झाले. पण चारात एकवरून शून्यावर येणं नुसत्या योगायोगानेही होतं. म्हणून तोच प्रॉम्प्ट आणखी चार वेळा चालवला. आठांत शून्य आल्यावरच तो बदल ठेवला.

आता घरांची संख्या. चौथ्या फेरीत ‘सात’च्या जागी मांडणी लिहिली: डावीकडे दोन, उजवीकडे दोन, मागे तीन. घरं सहा ते नऊच्या मध्ये आली. आधीपेक्षा बरं, पण सात नव्हे. मोजणं ही या मॉडेल्सची जुनी दुखरी बाजू आहे, आणि इथे शब्द घासत बसण्यात अर्थ नव्हता. एका गोष्टीवर दोन फेऱ्यांत काम होत नसेल तर साधन बदलायचं, असा माझा नियम आहे. पाचव्या फेरीत प्रॉम्प्ट अक्षरशः तोच ठेवला आणि सोबत वहीवर काढलेल्या सात चौकोनांचा फोटो दिला, चौकोनांमध्ये फटी ठेवून. चारपैकी तीन चित्रांत घरं सात आली. भिंती मात्र त्यातल्या दोनच चित्रांत सुट्या होत्या.

या सगळ्यात एक पथ्य पाळलं. आलेल्या चित्रावर ‘आता हे बदल, आता ते बदल’ असं त्याच चॅटमध्ये करत गेलो नाही. तसं केलं की प्रत्येक बदल आधीच्या चित्रावर चढतो आणि तुम्ही न सांगितलेल्या गोष्टीही थोड्या थोड्या सरकतात. पाच-सहा वेळांनंतर कौलांचा रंग, खिडक्यांचा आकार, सावल्या, सगळं वेगळंच झालेलं असतं, आणि कोणत्या वाक्याने काय बिघडलं हे शोधता येत नाही. म्हणून प्रॉम्प्टची प्रत फोनच्या नोट्समध्ये ठेवायची, बदल तिथे करायचा, आणि प्रत्येक फेरीखाली एक ओळ लिहायची: काय बदललं, चारपैकी किती जमली. बिघडलं तर मागच्या ओळीवर परत यायचं.

याला किंमत आहे. मूळ प्रॉम्प्ट आणि पाच फेऱ्या मिळून माझी अठ्ठावीस चित्रं झाली. फुकट खात्यात दिवसाला मोजकीच मिळतात, त्यामुळे काम एका दिवसात संपलं नाही. आणि ही पद्धत प्रत्येक ठिकाणी चालत नाही. कधी दोन शब्द एकमेकांत गुंतलेले असतात: डोळ्याच्या पातळीवरून पाहिलं तर पुढची घरं मागची झाकतात, मग सात घरं दिसणारच नाहीत. तिथे कोन आणि संख्या एकत्रच बदलावी लागते. पण तसं केलंत की नोंदीत तसं लिहा.

शेवटी दोन चित्रं चारही अटींत बसली. त्यातलं एक घेतलं आणि खाली ओळ टाकली: मूळ आराखड्यावरून एआयने केलेलं कल्पनाचित्र. कारण खिडक्या कुठे, जिना कसा, हे मी मोजलेलंच नव्हतं. यादीतल्या चार गोष्टी सोडून त्या चित्रात जे काही आहे, ते मॉडेलने मनाने भरलेलं आहे.