‘जॅक-२ निगेटिव्ह’ म्हणजे तपास संपला नव्हे

डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्स कमी झाल्या, की सारे घर धास्तावते. त्याच प्लेटलेट्स वाढलेल्या दिसल्या तर मात्र अहवाल बहुधा फाइलमध्ये जाऊन पडतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असणे सर्वसाधारण मानले जाते. त्या सात, नऊ, बारा लाखांवर जातात आणि महिनोन्महिने तिथेच राहतात, तेव्हा कारण शोधणे भाग असते. हा शोध अनेकदा एका ओळीपाशी थांबतो. ती ओळ म्हणजे ‘जॅक-२ व्ही६१७एफ : निगेटिव्ह’. या ओळीचा अर्थ ‘आजार नाही’ असा घेतला जातो आणि तिथेच गल्लत होते.

एक उदाहरण घेऊ. ४४ वर्षांची एक शिक्षिका वार्षिक तपासणीला जाते. हिमोग्लोबिन १२.८, पांढऱ्या पेशी ९ हजार, पण प्लेटलेट्स ९ लाख २० हजार. तक्रार काहीच नाही. डॉक्टर आधी साधी कारणे तपासतात आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे प्लेटलेट्स वाढण्याचे फार मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे. क्षयासारखा जुना संसर्ग, सांध्यांचा दाह किंवा पूर्वी काढलेली प्लीहा यांमुळेही त्या वाढतात. बाईंचे फेरिटिन व्यवस्थित आहे, दाहाची खूण दाखवणारी सीआरपी चाचणीही सामान्य आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तरी आकडा तेवढाच. मग जॅक-२ चाचणी होते आणि ती निगेटिव्ह येते. ‘घाबरण्यासारखे काही नाही’ असे सांगून त्यांना घरी पाठवले, तर तपास अर्ध्यावरच सुटतो.

रक्ताच्या मूळपेशीत एखादा जनुकीय बिघाड होतो आणि अस्थिमज्जा गरज नसताना पेशी बनवत सुटते. अशा संथ वाढणाऱ्या रक्तकर्करोगांच्या गटाला मायलोप्रोलिफरेटिव्ह निओप्लाझम म्हणतात. लाल पेशी वाढल्या तर पॉलिसायथेमिया व्हेरा, प्लेटलेट्स वाढल्या तर इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मज्जेत तंतू साचू लागले तर मायलोफायब्रोसिस. हा बिघाड जन्मजात नसतो, आयुष्यात कधीतरी घडतो. त्यामुळे तो मुलाबाळांकडे जात नाही.

२००५ मध्ये या आजारांत जॅक-२ जनुकातला एक ठरावीक बदल सापडला. या प्रथिनाच्या साखळीतील ६१७ क्रमांकाचा एकच दुवा बदललेला असतो. नेहमीची चाचणी तेवढी एकच जागा पाहते. पॉलिसायथेमिया व्हेराच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ९५ जणांत हा बदल असतो. म्हणजे तिथे निगेटिव्ह निकालाला खरेच वजन आहे. पण थ्रॉम्बोसायथेमियाच्या १०० रुग्णांपैकी तो साधारण ५५ ते ६० जणांतच सापडतो. चाळीसएक रुग्णांना आजार असतो आणि चाचणी मात्र निगेटिव्ह असते. एकाच चाचणीचा एकच निकाल, पण त्याचे वजन कोणत्या पेशी वाढल्या आहेत यावर ठरते.

या उरलेल्या रुग्णांचे कोडे बराच काळ सुटले नव्हते. प्लेटलेट्स वाढवणारा संदेश पेशीत आणणारा ग्राही एमपीएल या जनुकातून तयार होतो. त्यातला दोष २००६ मध्ये सापडला, पण तो थ्रॉम्बोसायथेमियाच्या शंभरात तीन-चार रुग्णांपुरताच निघाला. मोठे उत्तर डिसेंबर २०१३ मध्ये मिळाले. व्हिएन्ना आणि केंब्रिज येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे आणि एकाच वेळी दाखवून दिले, की उरलेल्यांपैकी बहुतेकांत कॅलरेटिक्युलिन या प्रथिनाच्या जनुकात बदल असतो. अहवालात हे जनुक ‘सीएएलआर’ म्हणून दिसते. थ्रॉम्बोसायथेमियाच्या २० ते २५ टक्के आणि मायलोफायब्रोसिसच्या साधारण तेवढ्याच किंवा थोड्या अधिक रुग्णांत ते बदललेले असते.

शास्त्रज्ञ त्यामुळे चक्रावले, कारण कॅलरेटिक्युलिनचा पेशींच्या वाढीशी थेट संबंध कुणाला ठाऊक नव्हता. पेशीच्या आत नव्या प्रथिनांच्या घड्या नीट पडतात की नाही हे पाहणे आणि कॅल्शियम साठवणे, ही त्याची कामे. त्याच्या शेपटाला चार दुव्यांचा एक ‘पत्ता’ असतो. प्रथिन भरकटलेच, तर या पत्त्यामुळे ते आपल्या जागी परत आणले जाते.

जनुकातली अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. सर्वांत जास्त आढळणाऱ्या, ‘टाइप-१’ बदलात ५२ अक्षरे गळतात. ‘टाइप-२’ बदलात ५ अक्षरे जास्तीची शिरतात. हे दोन बदल वरवर उलटे वाटतात. पण ५१ अक्षरे म्हणजे नेमके १७ गट. ५२ गळाली म्हणजे हिशेबात एक अक्षर कमी पडले. ६ अक्षरे म्हणजे दोन गट. ५ शिरली म्हणजे तिथेही एक कमीच. त्यामुळे पुढचे वाचन दोन्हींत एकाच तऱ्हेने सरकते आणि एकच नवे, चुकीचे शेपूट तयार होते. याखेरीज पन्नासहून अधिक प्रकारचे बदल नोंदले गेले आहेत, पण शेपूट तेच. जुना पत्ता पुसला जातो. बदललेले प्रथिन एमपीएल ग्राहीला चिकटते, त्याच्यासोबत पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचते आणि ग्राहीला सतत चालू ठेवते.

शेतावरच्या पाण्याच्या मोटारीची कल्पना करा. बटण दाबले, की स्टार्टर चालू होतो आणि मोटार फिरते. एमपीएल हे बटण, जॅक-२ हा स्टार्टर. जॅक-२ बदलले, तर स्टार्टरच अडकतो. एमपीएल बदलले, तर बटण दाबलेल्या स्थितीत राहते. कॅलरेटिक्युलिन बदलले, तर कुणाचे तरी बोट बटणावर चिकटून बसते. बिघाड तीन ठिकाणी, पण पाणी एकाच नळातून वाहते. म्हणूनच जॅक प्रथिनांना आवर घालणारे रक्सोलिटिनिब हे औषध जॅक-२ निगेटिव्ह मायलोफायब्रोसिसमध्येही उपयोगी पडते. आणि हे बोट मुख्यतः प्लेटलेट्सच्या बटणावरच बसत असल्याने सीएएलआरच्या बदलाने पॉलिसायथेमिया व्हेरा जवळजवळ कधीच होत नाही. हिमोग्लोबिन वाढलेल्या जॅक-२ निगेटिव्ह रुग्णात सीएएलआरच्या मागे न लागता जॅक-२ च्याच बाराव्या खंडातील बदल आणि रक्तातील एरिथ्रोपोएटिनची पातळी तपासावी लागते.

आता त्या शिक्षिकेकडे परत येऊ. त्यांच्या साठवलेल्या नमुन्यावर सीएएलआर चाचणी होते आणि टाइप-१ बदल सापडतो. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियातही कधी कधी फक्त प्लेटलेट्स वाढलेल्या दिसतात, म्हणून बीसीआर-एबीएल चाचणीही होते. ती निगेटिव्ह येते. तरीही अस्थिमज्जेचा तुकडा तपासावाच लागतो. सीएएलआरचा बदल थ्रॉम्बोसायथेमियात आणि सुरुवातीच्या मायलोफायब्रोसिसमध्येही असतो. दोन्हींत प्लेटलेट्स वाढतात, पण पुढचा प्रवास वेगळा आहे. हा फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. बाईंच्या मज्जेत प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी मोठ्या आणि पूर्ण वाढलेल्या आहेत, तंतू वाढलेले नाहीत. निदान ठरते : इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया.

या निदानाने उपचार वाढतातच असे नाही. सीएएलआर बदल असलेल्या रुग्णांत प्लेटलेट्सचा आकडा जॅक-२ वाल्यांपेक्षा मोठा असतो, पण गुठळ्या होण्याचा धोका कमी असतो. वय साठच्या आत, पूर्वी गुठळी झालेली नाही आणि जॅक-२ चा बदल नाही, अशा रुग्णांना ‘अतिशय कमी धोका’ या गटात धरतात. प्लेटलेट्स उतरवणारे हायड्रॉक्सियुरिया त्यांना लगेच लागत नाही. अॅस्पिरिनही सरसकट द्यावे असे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पूर्वलक्षी अभ्यासात सीएएलआर बदल असलेल्या कमी धोक्याच्या रुग्णांत अॅस्पिरिनने गुठळ्या कमी झाल्याचे दिसले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. प्लेटलेट्स दहा लाखांपुढे गेल्या, की त्या रक्त गोठवणारा व्हॉन विलेब्रँड घटक खेचून घेऊ लागतात आणि अतिप्लेटलेट्स असूनही नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. अशा वेळी त्या घटकाची चाचणी न करता अॅस्पिरिन सुरू करणे धोक्याचे ठरते. आपला बदल कोणता हे न कळलेल्या रुग्णाला एकतर काहीच मिळत नाही किंवा नको ते मिळते.

जॅक-२, सीएएलआर आणि एमपीएल हे तिन्ही निगेटिव्ह आले तर? अशा रुग्णांना ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. थ्रॉम्बोसायथेमियात ते शंभरात १० ते १५ असतात आणि त्यांची वाटचाल बहुधा सौम्य असते. मायलोफायब्रोसिसमध्ये मात्र हाच शब्द गंभीर ठरतो. तिथे ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांचे आयुर्मान सर्वांत कमी, तर टाइप-१ वाल्यांचे सर्वांत बरे आढळते. त्यामुळे मूळपेशी प्रत्यारोपणाचा विचार कधी करायचा, हेही या चाचण्यांवर अवलंबून असते. निगेटिव्ह निकाल कशाने आला, हेही पाहावे लागते. जुन्या सँगर पद्धतीला साधारण १५ ते २० टक्क्यांहून कमी प्रमाणातला बदल दिसत नाही. नव्या पद्धतीत जनुकाचे लहान तुकडे वाचून संगणकावर जुळवतात. त्यात ५२ अक्षरांची मोठी गळती सॉफ्टवेअर नीट नसेल तर निसटू शकते. तुकड्याची लांबी मोजणारी साधी चाचणी ती गळती सहज पकडते.

म्हणूनच प्रयोगशाळांनी ‘निगेटिव्ह’ एवढेच छापून थांबू नये. कोणती जागा तपासली, कोणत्या पद्धतीने, किती टक्क्यांपर्यंतचा बदल दिसू शकतो आणि काय तपासलेले नाही, हे अहवालावर असायला हवे. प्लेटलेट्स वाढलेल्या असताना जॅक-२ निगेटिव्ह आले, तर त्याच नमुन्यातील डीएनएवर आधी सीएएलआर आणि मग एमपीएल तपासण्याचा क्रम नेहमीचा व्हायला हवा. त्यासाठी रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही. रुग्णानेही एकच प्रश्न विचारावा : ‘जॅक-२ नाही हे कळले, बाकीचे दोन पाहिले का?’ बदललेल्या कॅलरेटिक्युलिनलाच लक्ष्य करणाऱ्या प्रतिपिंडांच्या मानवी चाचण्या सध्या सुरू आहेत आणि त्यांचे प्राथमिक निष्कर्ष आशादायक आहेत. ते औषध उद्या हाती आलेच, तर ज्यांच्या फाइलमध्ये फक्त ‘जॅक-२ निगेटिव्ह’ लिहिलेले असेल, ते त्यासाठी पात्र आहेत की नाहीत हे कुणालाच सांगता येणार नाही.