नोटिशीपूर्वीचे पत्र

माकणीसारख्या गावी, जेथे दुकानदाराची उधारी सोयाबीनची पट्टी हाती आल्यावाचून वसूल होत नाही, तेथे गाळ्याचे भाडे थकले म्हणून मालकाने तडक वकिलाकडे धाव घेण्यापेक्षा प्रथम एक सविस्तर पत्र लिहावे, हे आमच्या मते केवळ सौजन्याचे नव्हे, तर हिशेबाचेही आहे. समजा, दरमहा 3000 रुपयांप्रमाणे पाच महिन्यांची बाकी 15000 झाली. तर चालू भाडे नियमित देऊन बाकीपोटी सुगीपर्यंत तीन महिने 1000 व पुढे सहा महिने 2000 द्यावेत, असे पत्रात महिनेवार मांडावे आणि प्रत्येक पावतीवर रक्कम चालू भाड्याची की थकबाकीची, हे नमूद करावे. कारण तंटे बहुधा येथेच उद्भवतात. भाडेकरूने बाकी मान्य करून तारखेसह स्वाक्षरी केली, तर वसुलीची तीन वर्षांची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 जेथे लागू आहे, तेथे थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लेखी मागणीनंतर 90 दिवस लोटल्याखेरीज दाखल करता येत नाही. आणि समन्सानंतरच्या 90 दिवसांत भाडेकरूने बाकी, 15 टक्के व्याज व खर्चासह, न्यायालयात भरली व पुढील भाडे नियमित दिले, तर हुकूमनामाही होत नाही. मग कोर्टकचेरीअंती जे पदरी पडावयाचे, ते मालकाने आधीच का मागू नये? मात्र सामोपचाराचे पत्र म्हणजे कायदेशीर नोटीस नव्हे. हप्ते चुकल्यास ती स्वतंत्रपणेच बजावावी लागेल.